केळीचा प्रश्न, सहा गुण आणि 'म्हणून'

*सर, मी यावल तालुक्यात राहते. बी.ए. अर्थशास्त्रात केलं आणि लग्नाआधी दोन वर्षं बारावीला शिकवलंही. लेक नाशिकला वसतिगृहात राहून केंब्रिजचा आयजीसीएसई अभ्यासक्रम शिकते. तिचं वाचन चांगलं आहे, पण अर्थशास्त्राच्या सराव पेपरात ९० पैकी ४७ गुण पडले. दोन गुणांच्या प्रश्नाला अर्धं पान, आठ गुणांच्या प्रश्नालाही अर्धंच पान! 'अ‍ॅनालाइज'ला सहापैकी दोन, 'डिस्कस'ला आठपैकी चार. तिचे शिक्षक म्हणतात, 'कमांड वर्ड वाच', म्हणजे प्रश्नात काय करायला सांगितलंय तो शब्द. वाचून पुढे काय करायचं, ते मला नीट सांगता येत नाही. आता सुट्टीत घरी आली आहे. तिला क्लास लावू का? एका पूर्ण प्रश्नाच्या उत्तराचे फोटो सोबत पाठवते.*
*– एक आई*

ताई, फोटो मोठे करून दोनदा वाचले. प्रश्न केळीवरचा निघाला आणि जरा हसूच आलं. यावलच्या पोरीला केळीच्या प्रश्नात वीसपैकी दहा! केळीबद्दल तिला परीक्षकापेक्षा जास्त कळतं, हे उत्तरावरून दिसतंच. घोटाळा दुसरीकडे आहे. तिचे चारही उपप्रश्न एकाच पद्धतीने लिहिलेले आहेत आणि ती पद्धत तुमची-माझी आहे: मुद्दा, मुद्द्याखाली दोन ओळी, मग 'तसेच', मग पुढचा मुद्दा. आपल्या बारावीला ती चालून जाते. या पेपरात ती निम्मीच चालते.

तिचा प्रश्न कसा बांधला आहे ते आधी बघा. या पेपरच्या दुसऱ्या भागात प्रत्येक प्रश्न २० गुणांचा असतो आणि त्याचे चार तुकडे असतात: २, ४, ६ आणि ८. दोन गुणांना व्याख्या किंवा नुसतं नाव विचारतात, चार गुणांना 'एक्सप्लेन', सहाला 'अ‍ॅनालाइज' आणि आठला 'डिस्कस वेदर ऑर नॉट', म्हणजे हे करावं की करू नये याची चर्चा. वेळ २ तास १५ मिनिटं आणि गुण ९०, म्हणजे एका गुणाला दीड मिनिट. त्या हिशेबाने व्याख्येला ३ मिनिटं, पुढच्याला ६, मग ९ आणि शेवटच्याला १२. एक प्रश्न अर्ध्या तासात बसतो. असे तीन प्रश्न झाले की दीड तास होतो आणि उरलेली ४५ मिनिटं पहिल्या भागातल्या ३० गुणांच्या उताऱ्याला मिळतात. उतारा वाचायचा वेळही त्यातच धरायचा. तुमच्या लेकीने चारही तुकड्यांना सारखी जागा दिली आहे, म्हणजे सारखाच वेळ दिला असणार. दोन गुणांच्या ठिकाणी चार-पाच मिनिटं जादा गेली आणि तीच आठ गुणांच्या ठिकाणी कमी पडली.

आता तिचाच पेपर घेऊ.

पहिला तुकडा होता, 'पुरवठ्याची किंमत लवचिकता' या संज्ञेची व्याख्या द्या. तिने व्याख्या दिली, मग प्रकार दिले, मग लवचिकतेवर परिणाम करणारे घटक लिहिले. दोनपैकी दोन मिळाले, पण ते पहिल्याच ओळीला मिळाले: किमतीत बदल झाल्यावर पुरवल्या जाणाऱ्या नगसंख्येत किती प्रमाणात बदल होतो, त्याचं माप. पुढच्या अकरा ओळी फुकट गेल्या. 'डिफाइन' म्हटलं की नेमका अर्थ लिहून थांबायचं. खात्रीसाठी सूत्र जोडलं तर हरकत नाही. पुरवठ्यातला शेकडा बदल भागिले किमतीतला शेकडा बदल, एवढंच. याहून जास्त या तुकड्यावर बोलण्यासारखं नाही.

दुसऱ्या तुकड्यात, अल्पकाळात केळीचा पुरवठा अलवचिक का असतो याची 'दोन कारणं स्पष्ट करा' असं होतं. तिने पाच कारणं दिली: पिकाला वेळ लागतो, माल नाशवंत आहे, जमीन मर्यादित आहे, पाणी लागतं, मजूर मिळत नाहीत. गुण मिळाले दोन. का ते बघा. इथे प्रत्येक कारणाला दोन गुण असतात, एक कारण ओळखल्याचा आणि एक ते उलगडल्याचा. पाच कारणं नुसती ओळखली तरी 'दोन' म्हटलंय म्हणून दोनच ओळखण्याचे गुण मिळणार आणि उलगडण्याचे दोन तसेच राहणार. प्रश्नातला आकडा हाही कमांड वर्डचाच भाग आहे, हे तिला एकदा ठासून सांगा.

उलगडणं म्हणजे काय? 'केळीला वेळ लागतो' हे ओळखणं झालं. 'लागवडीपासून कटाईपर्यंत साधारण वर्ष जातं, त्यामुळे आज भाव वाढला म्हणून शेतकऱ्याने आज जास्त रोपं लावली, तरी त्यांचा माल याच भावाला बाजारात येऊ शकत नाही' हे उलगडणं झालं. कारणापासून निघून प्रश्नातल्या शब्दापर्यंत, इथे 'अलवचिक'पर्यंत, एक पूल बांधायचा. दुसरं कारण नाशवंतपणाचं. कापलेला घड फार दिवस ठेवता येत नाही, म्हणून भाव वाढल्यावर गोदामातून जादा माल काढून आणायची सोयच नसते. दोन कारणं, दोन पूल, सहा मिनिटं. मजूर आणि पाणी राहू द्यात.

आता तिसरा तुकडा, खरं दुखणं इथेच आहे. प्रश्न असा: 'वादळाने केळीच्या बागांचं नुकसान झाल्यास केळीच्या बाजारपेठेवर होणाऱ्या परिणामाचं मागणी-पुरवठा आकृतीच्या साहाय्याने विश्लेषण करा.' गुण सहा. तिच्या उत्तराचं मराठी असं होतं: 'वादळामुळे उत्पादन घटतं. तसेच शेतकऱ्यांचं मोठं नुकसान होतं. तसेच मजुरांना काम मिळत नाही. तसेच निर्यात कमी होते. किंमत वाढते. सरकारने विम्याची भरपाई लवकर द्यावी.'

ताई, यातलं एकही वाक्य खोटं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आलं की आपल्याकडे उभ्या बागा कशा आडव्या होतात, हे तिने लहानपणापासून पाहिलंय. पण ही वाक्यं एकमेकांच्या शेजारी उभी आहेत, एकमेकांतून निघालेली नाहीत. त्यांची जागा अदलाबदल करून बघा, काहीच बिघडत नाही. जे उत्तर उलटसुलट केलं तरी तसंच राहतं, त्याला विश्लेषण म्हणत नाहीत, ती यादी असते. विश्लेषणात दुसरं वाक्य पहिल्याशिवाय उभंच राहू शकत नाही. मी मुलांना एक सोपी परीक्षा सांगतो: दोन वाक्यांच्या मध्ये मनातल्या मनात 'म्हणून' घालून बघा. बसला तर साखळी आहे, 'तसेच'च बसत असेल तर यादी आहे. उत्तर तिला इंग्रजीतच लिहायचं आहे, पण तपासणी मराठीत केली म्हणून कोणी अडवत नाही.

तिच्याच माहितीची साखळी करून बघू. वादळात बागा आडव्या झाल्या, म्हणून प्रत्येक किमतीला बाजारात पूर्वीपेक्षा कमी केळी येतात, म्हणजे पुरवठा वक्र डावीकडे सरकतो. मागणी जागची हललेली नाही, म्हणून जुन्या किमतीला मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त ठरते आणि टंचाई होते. माल कमी आणि घेणारे तेवढेच, म्हणून व्यापारी चढ्या भावाने बोली लावतात आणि किंमत वाढते. किंमत वाढली म्हणून काही गिऱ्हाइकं कमी केळी घेतात आणि अखेर जास्त किंमत, कमी नगसंख्या अशा नव्या समतोलाला बाजार येऊन थांबतो.

शेवटची पायरी नीट बघा. तुम्ही बारावीला शिकवलंय, तेव्हा 'मागणीचा संकोच' आणि 'मागणीतील ऱ्हास' यांतला फरक तुम्हाला पाठ असेल. इथे संकोच होतो, म्हणजे गिऱ्हाईक त्याच मागणी वक्रावर वर सरकतं. ऱ्हास होत नाही, वक्र हलत नाही. तुमच्या लेकीने आकृतीत पुरवठ्याबरोबर मागणीचा वक्रही डावीकडे ढकलला आहे. 'भाव वाढला की लोक कमी घेतात' हे तिचं म्हणणं बरोबर आहे, ते तिने चुकीच्या रेषेवर दाखवलं. असं झालं की किंमत वाढते की घटते हेच आकृतीवरून सांगता येत नाही आणि आकृती तिच्याच वाक्याशी भांडायला लागते.

अशा आकृतीच्या प्रश्नाला सहापैकी चार गुण सहसा आकृतीचे असतात: अक्षांना नावं, मूळ मागणी व पुरवठा वक्र, योग्य वक्राचं योग्य दिशेला सरकणं, आणि दोन्ही समतोल बिंदू, प्रत्येकाला एक. उरलेले दोन लिखाणाचे. तिला एक गुण मूळ वक्रांचा आणि एक 'किंमत वाढते' याचा मिळालेला दिसतो. अक्षांचा गुण कुठे गेला, हे बघून मला माझाच वर्ग आठवला. तिने अक्षांना फक्त 'एक्स' आणि 'वाय' लिहिलंय. वर्षानुवर्षं फळ्यावर मीही तेच काढलं आणि पोरांनी तेच उतरवलं. उभ्या अक्षावर 'किंमत' आणि आडव्या अक्षावर 'नगसंख्या' हे शब्द हवेत. एक्स-वाय हे गणिताच्या तासाला ठेवा. समतोल बिंदूंपासून दोन्ही अक्षांपर्यंत तुटक रेषा ओढून तिथे जुनी आणि नवी किंमत, जुनी आणि नवी नगसंख्या लिहायची. या नऊ मिनिटांतली चार आकृतीला द्या, घाईत काढलेली आकृती महागात पडते.

आणि हो, विम्याचं वाक्य. 'सरकारने भरपाई द्यावी' हे मत झालं, तेही प्रश्नात नसलेल्या सरकारबद्दलचं. प्रश्न 'बाजारपेठेवर' परिणाम विचारतो. मजुरांचं काम हा श्रम बाजाराचा भाग झाला. 'कोणावर परिणाम' हा शब्द ती वाचतच नाही, असं मला तीन-चार ठिकाणी वाटलं. कमांड वर्डखाली रेघ ओढताना याही शब्दाखाली दुसरी रेघ ओढायला सांगा.

चौथा तुकडा: 'सरकारने केळीची किमान किंमत ठरवावी की नाही, याची चर्चा करा.' गुण आठ. पोरगी शेतकऱ्याच्या घरची, तेव्हा उत्तर जोरात आहे. खर्च वाढला, व्यापारी भाव पाडतात, किमान किंमत मिळालीच पाहिजे. एका बाजूची साखळी तिने बऱ्यापैकी बांधलीही आहे: किंमत एका पातळीखाली जाणार नाही, म्हणून उत्पन्नाची खात्री वाटते, म्हणून शेतकरी रोपं, ठिबक यावर खर्च करायला धजतो. गुण चार.

इथे आपल्या बारावीच्या पेपराची सवय आडवी येते. आपल्याकडे 'सहमत आहात की नाही, ते सकारण स्पष्ट करा' असा चार गुणांचा प्रश्न असतो. त्यात आधी बाजू सांगायची आणि मग त्याच बाजूची कारणं द्यायची. दुसरी बाजू मांडायची गरज नसते. तुमच्याकडून तिने तेच उचललं असावं. केंब्रिजच्या 'डिस्कस वेदर ऑर नॉट'ला गुण पातळ्यांनी देतात: १ ते २, ३ ते ५ आणि ६ ते ८. एकच बाजू कितीही छान मांडली तरी उत्तर मधल्या पातळीच्या वर जात नाही, म्हणजे पाचाला अडकतं. वरच्या पातळीला दोन्ही बाजू उलगडलेल्या लागतात. एका बाजूला जास्त खोली असली तरी चालते, पण दुसरी नुसती उल्लेखापुरती चालत नाही.

दुसरी बाजू तिला सुचत नाही, कारण तिच्या घरी ती कोणी बोलत नाही. मग तिला आकृतीकडेच परत न्या. किमान किंमत समतोल किमतीच्या वर ठेवली, तर शेतकरी जास्त माल पुरवायला तयार आणि गिऱ्हाईक कमी घ्यायला तयार, म्हणून अतिरिक्त पुरवठा उरतो. तो सरकारने घ्यायचा तर पैसा लागतो आणि तो पैसा दुसरीकडे, समजा कालव्यावर किंवा शाळेवर, खर्च करता येत नाही. ही संधी किंमत झाली. सरकारने घेतला नाही, तर नाइलाजाने शेतकरी ठरलेल्या किमतीच्या खाली गुपचूप विकणार आणि किमान किंमत कागदावर राहणार. दुसरी बाजू अशी पायऱ्यांनी आली की ती शेतकऱ्याविरुद्ध बोलल्यासारखी वाटत नाही, हे तिला सांगा. आमच्याकडे एका मुलाने या जागी 'मी शेतकऱ्याचा मुलगा असल्याने दुसरी बाजू लिहिणार नाही' असं लिहिलं होतं. त्याच्या बाण्याला दाद दिली, गुण देता आले नाहीत.

आता दोन बाजू लिहूनही पुष्कळ मुलं सहावर अडकतात. दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की तराजूची दोन पारडी होतात, पण तोलायचं अजून बाकीच असतं. मूल्यमापन म्हणजे हे तोलणं. आणि तोलायचं तर 'कधी', 'किती', 'कोणासाठी' यांपैकी एका तरी प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. 'दोन्ही बाजूंचा विचार करता सरकारने योग्य निर्णय घ्यावा' या वाक्याने काही तोललं जात नाही. ते वाक्य मी इतक्या पेपरांत वाचलंय की आता डोळे आपोआप त्यावरून घसरतात.

तिच्याजवळ तोलायला काय आहे? कापूस. आपल्या भागात कापसाला केंद्राचा हमीभाव आहे आणि सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, त्या भावाने खरेदीही करते. शिवाय भाव पटला नाही तर माणसं कापूस घरात भरून महिनोन्‌महिने थांबतात. केळीला केंद्राचा हमीभाव नाही. आणि असता तरी? जादा कापूस गाठी बांधून गोदामात ठेवता येतो. जादा केळी आठवड्याभरात काळी पडतात. मग मूल्यमापनाचं वाक्य आपोआप तयार होतं: किमान किंमत टिकणं हे अतिरिक्त माल साठवता येतो का यावर अवलंबून आहे, केळी नाशवंत असल्याने सरकारी खरेदीचा खर्च वाया जाण्याची शक्यता कापसापेक्षा जास्त, म्हणून शीतगृह आणि प्रक्रियेची सोय असल्याशिवाय हा उपाय केळीला कमी लागू पडेल. इथे 'अवलंबून आहे' म्हणून ती थांबत नाही, कशावर आणि मग काय होईल हेही सांगते. हे कोणत्याही पुस्तकातून पाठ करून येणार नाही, ते तिच्या ओट्यावरून आणि खळ्यावरून येईल. बारा मिनिटांची वाटणी साधारण पाच, पाच आणि दोन अशी ठेवा. ती शेवटची दोन मिनिटं आधीच्या तुकड्यांनी खाऊ नयेत, म्हणून तर पहिल्या व्याख्येत कंजूषपणा करायचा.

ती पुढे याच अभ्यासक्रमाच्या ए लेव्हलकडे गेली, तर तिथे 'असेस', 'इव्हॅल्युएट' हे शब्द सरळ नावाने भेटतील. तिथल्या पहिल्या वर्षाच्या १२ गुणांच्या निबंधात मांडणी आणि विश्लेषणाला ८ आणि मूल्यमापनाला वेगळे ४ गुण असतात. तोलणं आत्ता शिकली तर ते चार तेव्हा शोधावे लागणार नाहीत. फक्त तिच्या परीक्षेच्या वर्षाचं अभ्यासक्रम-पत्रक उघडून त्यातलं कमांड वर्डचं पान एकदा वाचून घ्या, कारण शब्दांची यादी आणि पेपरची रचना मंडळ अधूनमधून बदलतं.

क्लासचं विचाराल, तर सध्या नको. क्लासवाले आणखी नोट्स देतील आणि तिच्याकडे माहिती आधीच उतू जातेय. सुट्टीचे पंधरा-वीस दिवस रोज एकच प्रश्न, चार तुकडे, ओट्यावर घड्याळ ठेवून अर्धा तास. मग तुम्ही दोन रंगांचे पेन घेऊन बसा. ज्या वाक्याआधी 'म्हणून' बसतो त्याखाली निळी रेघ, जिथे 'तसेच'च बसतो तिथे लाल. व्याख्येत रंग बघू नका. सहाच्या उत्तरात लाल एखाददुसरी चालेल, आठच्या उत्तरात दोन निळ्या साखळ्या आणि शेवटी 'कधी, किती, कोणासाठी'चं एक वाक्य दिसायला हवं.

सुरुवात कापसावर करा, केळीवर नको. केळीचं उत्तर आता मी फोडलंय. तिच्या वडिलांना घरात ठेवलेल्या कापसाबद्दल विचारायला सांगा, भाव वाढला तर ते उद्या किती बाहेर काढतील आणि किती मागे ठेवतील. पुरवठ्याच्या लवचिकतेवरच्या चार गुणांच्या प्रश्नाचं एक कारण तिथेच मिळेल. त्याचं उत्तर आणि आकृती मला पाठवा. अक्षांवर एक्स-वाय दिसले, तर वाचायच्या आधीच परत पाठवीन.